गेम क्रॅश होत नाही, पण बंद पडतो

नमस्कार मंडळी. मला सांगितलंय की पहिला गेम रिलीज करताना काय शिकलास ते बोल, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं तुम्हाला डॉक्युमेंटेशन वाचून पण कळेल, म्हणून मी एकच गोष्ट धरतो आणि तिच्यातच खोल जातो. गोष्ट अशी की गेम माझ्या फोनवर मस्त चालतोय, गूगलच्या डेव्हलपर पानावर, म्हणजे प्ले कन्सोलमध्ये, एकही क्रॅश दिसत नाहीये आणि तरी समोरच्या माणसाच्या हातात तो बंद पडतोय. का पडतो, कसं ओळखायचं आणि मी नेमकं काय बदललं, एवढंच सांगतो.

आधी गेमबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या ठाण्यातल्या तलावांवरचा पझल गेम आहे, युनिटीमध्ये केलाय, फोन उभा धरून खेळायचा. तुमच्याकडे एक होडी असते आणि तलावात जलपर्णीचे गठ्ठे तरंगत असतात, ते ढकलत ढकलत काठाला लावायचे. ढकलता येतात, ओढता येत नाहीत, आणि एकदा कोपऱ्यात अडकला गठ्ठा की गेला. सहा तलाव आहेत: मासुंदा, उपवन, कचराळी, आंबे घोसाळे, रायलादेवी आणि सिद्धेश्वर. प्रत्येक तलावाचं चित्र माझ्या ताईने वॉटरकलरमध्ये काढलंय, कागदावर, आणि मग आम्ही ते स्कॅन केलं. हा गेम लोकांना आवडतो तो त्या चित्रांमुळे आवडतो असं माझं ठाम मत आहे, आणि पुढची सगळी भानगड पण त्या चित्रांपाशीच आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

आता प्ले स्टोअर. तुमचं डेव्हलपर अकाउंट पर्सनल असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल तर थेट प्रॉडक्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, जाता येत नाही. आधी निवडक लोकांना घेऊन क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं, त्यात किमान १२ टेस्टर लागतात आणि ते सलग १४ दिवस ऑप्ट-इन राहायला पाहिजेत. सुरुवातीला हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ वर आणला. बरेच जण हे १२ लोक म्हणजे एक अडथळा समजतात आणि कुठल्यातरी ग्रुपवर "तू माझा टेस्ट कर मी तुझा करतो" असं करून उरकतात. माझं म्हणणं आहे असं अजिबात करू नका. एक तर नंतर प्रॉडक्शन ॲक्सेस मागताना गूगल विचारतं की टेस्टर कुठून आणले, त्यांनी काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललंत, तेव्हा लिहायला खरं काहीतरी लागतं. आणि दुसरं, महत्त्वाचं म्हणजे ग्रुपवरचे लोक सगळे डेव्हलपर असतात, त्यांच्याकडे माझ्यासारखेच आठ जीबी रॅमचे फोन असतात. तुमचा गेम घेणारा माणूस ठाणे स्टेशनला उभा असतो आणि त्याच्या हातात काय फोन आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

म्हणून मी नातेवाईक धरले. ऐरोलीची मावशी, तिच्या मजल्यावरच्या दोन-तीन जणी, बाबांच्या ऑफिसमधले काका लोक, आमच्या सोसायटीतले शाळकरी पोरं. एक छोटी सूचना: लिंक पाठवली आणि "आयटम नॉट फाउंड" आलं असं कोणी म्हणालं तर नव्वद टक्के वेळा फोनमध्ये दोन जीमेल असतात आणि प्ले स्टोअर भलत्याच अकाउंटवर उघडं असतं. यादीत जो ईमेल टाकलाय तोच प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे दिसतोय का ते बघायला सांगा. आणि १२ वर थांबू नका, मधेच कोणीतरी फोन बदलतं, कोणी लीव्ह दाबतं, चार-पाच जास्तीचे ठेवा.

मावशीचा फोन दोन जीबी रॅमचा आहे. कंपनीचं नाव सोडा, ते महत्त्वाचं नाही, असे फोन पाच-सहा कंपन्यांनी काढलेत आणि अजून घराघरात चालू आहेत. तर मावशीने लिंक उघडली आणि पहिलाच मेसेज आला की हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी कम्पॅटिबल नाही. अँड्रॉइड व्हर्जन तर बरोबर होतं. मग मी तिच्याकडे गेलो, केबल लावली, आणि कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं adb टूल वापरून हे टाईप केलं:

```
adb shell getprop ro.product.cpu.abi
```

उत्तर आलं `armeabi-v7a`. म्हणजे काय, तर ३२ बिट. चिप ६४ बिटची असली तरी स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा अँड्रॉइड ३२ बिटचं टाकलेलं असतं, कारण त्याला मेमरी कमी लागते. प्ले स्टोअरला ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटचं बिल्ड सक्तीचं आहे म्हणून आपण सगळे युनिटीच्या प्लेअर सेटिंग्जमध्ये `ARM64` वर टिक करतो, पण सक्ती ६४ बिट असलंच पाहिजे एवढीच आहे, ३२ बिट नको असं कोणी म्हटलेलं नाही. `ARMv7` ची टिक पण ठेवा. बिल्डला वेळ जास्त लागतो, पण ॲप बंडल अपलोड करता त्यामुळे युजरच्या फोनवर त्याच्या कामाचं तेवढंच उतरतं, डाउनलोड काही डबल होत नाही. आणि ही टिक नसेल तर काय होतं माहितीये का, त्या फोनवर तुमचा गेम सर्चमध्येच येत नाही. तो माणूस कधी तक्रार पण करत नाही कारण त्याला गेम आहे हेच कळत नाही. कन्सोलमध्ये डिव्हाइस कॅटलॉग म्हणून पान आहे, तिथे कुठली मॉडेल बाद होतायत आणि का ते दिसतं, रिलीजच्या आधी एकदा त्यातून नीट नजर फिरवा.

तर टिक केली, नवीन बिल्ड टाकलं, मावशीच्या फोनवर उतरलं. संध्याकाळी तिचा फोन.

"अरे, तुझा गेम उघडला की मासुंदा दिसतो छान, आणि मग एकदम माझी स्क्रीनच येते परत. व्हॉट्सॲपवाली."

मी विचारलं, "मावशी, काही मेसेज येतो का गं? बंद पडलं, स्टॉप्ड असं काही?"

"काही नाही येत. नुसता जातो."

हे "नुसता जातो" फार महत्त्वाचं आहे. गेम जेव्हा क्रॅश होतो तेव्हा अँड्रॉइड त्याची नोंद करतं, स्टॅक ट्रेस मिळतो, तो कन्सोलला जातो. इथे कन्सोल कोरा होता. गूगल स्वतः टेस्ट करून देतं त्या प्री-लाँच रिपोर्टमध्ये पण सगळं हिरवं. तेव्हा हा क्रॅश नव्हताच. अँड्रॉइडमध्ये लो मेमरी किलर असतो, मेमरी संपत आली की तो प्रोसेस निवडतो आणि मारतो. सरळ किल सिग्नल, तुमच्या कोडला सांगायची पण सोय नाही, एक्सेप्शन नाही, कॅच नाही, काही नाही. आधी बॅकग्राउंडवाले मरतात, आणि तरीही पुरलं नाही तर जो समोर उघडा आहे तो पण जातो. तुमची क्रॅश रिपोर्टिंगची लायब्ररी तुमच्याच प्रोसेसमध्ये राहते ना, मग ती पण त्याच क्षणी गेली, ती कुठून रिपोर्ट करणार?

ओळखायचं कसं? केबल लावून गेम सुरू करा आणि दुसरीकडे हे चालू ठेवा:

```
adb logcat -s lowmemorykiller ActivityManager
```

मावशीच्या फोनवर आधी व्हॉट्सॲप मेलं, मग कीबोर्ड, मग लाँचर, म्हणजे होमस्क्रीन दाखवणारं ॲप, आणि शेवटी `Kill` च्या पुढे माझ्या पॅकेजचं नाव. लाँचर पण मेला होता हे नंतर लक्षात घ्या, कारण म्हणूनच मावशीची स्क्रीन "परत येताना" आयकॉन एकेक करून उगवत होते. तुम्हाला केबल लावायला मिळाली नाही तरी हे लक्षण बघून अंदाज येतो: गेम गेल्यावर होमस्क्रीन एकदम न येता हळूहळू भरत असेल तर मेमरीच संपलीये. फोन अँड्रॉइड ११ किंवा वरचा असेल तर अजून सोपं, `adb shell dumpsys activity exit-info` आणि पुढे पॅकेजचं नाव, त्यात कारण लिहिलेलं मिळतं, लो मेमरी असेल तर तसं स्पष्ट येतं.

मग प्रश्न हा की एवढी मेमरी खातंय कोण. पॅकेज तर लहान होतं. इथे मला वाटतं नवीन लोकांनी एक हिशोब स्वतः हाताने करून बघावा, मी आत्ता बोर्डवर करतो.

ताईचं एक चित्र २०४८ बाय ४०९६ पिक्सेलचं. पीएनजी फाइल डिस्कवर दोन-तीन एमबीची. पण पीएनजी हे साठवण्यापुरतं असतं, जीपीयूला पीएनजी वाचता येत नाही, त्याला उलगडलेलं पिक्सेल लागतं. कॉम्प्रेशन बंद असेल तर एका पिक्सेलला चार बाइट, लाल हिरवा निळा आणि पारदर्शकता. २०४८ गुणिले ४०९६ गुणिले ४, झाले बरोबर ३२ एमबी. एका चित्राचे. आता प्रत्येक तलावाला तीन थर आहेत, आकाश, पलीकडचा काठ आणि पाणी, होडी सरकली की ते वेगवेगळ्या स्पीडने सरकतात. म्हणजे एक तलाव ९६ एमबी. सहा तलाव ५७६ एमबी.

तुम्ही म्हणाल सहाही एकदम कशाला लोड होतील, खेळताना तर एकच तलाव असतो. बरोबर, पण आमच्या मेनूमध्ये तलावांची यादी एका स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे युनिटीच्या डेटा फाइलमध्ये, होती, प्रत्येक तलावाचं नाव, लेव्हल आणि त्याच्या चित्रांचे थेट रेफरन्स. आणि युनिटीचा नियम असा आहे की सीन लोड झाला की त्या सीनमधून ज्याला ज्याला थेट रेफरन्स आहे ते सगळं मेमरीत येतं, आणि त्याचे रेफरन्स, आणि त्यांचे पण. मेनूमध्ये ते चित्र दाखवा किंवा नका दाखवू. ही यादीवाली पद्धत जवळजवळ प्रत्येक ट्युटोरियलमध्ये शिकवतात, चार आयकॉन असतील तर काही बिघडत नाही त्यात, पण पूर्ण स्क्रीनची चित्रं असतील तर मेनू उघडला की सगळा गेम मेमरीत. दोन जीबीच्या फोनमध्ये सिस्टिम आणि बाकीची ॲप वजा जाता गेमला मोकळं किती उरतं बघा, त्यात पाऊणशे-शंभर एमबीची गोष्ट नाही, पाचशेच्या वरची आहे.

मोजून खात्री करायची असेल तर:

```
adb shell dumpsys meminfo com.example.talav
```

पॅकेजचं नाव तुमचं टाका. खाली समरी येते, त्यात `Graphics` आणि `TOTAL` बघा. मेनूवर असताना एकदा, लेव्हलमध्ये एकदा, परत मेनूवर आल्यावर एकदा. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा चढलेला असेल तर काहीतरी सुटत नाहीये. कुठलं टेक्स्चर किती खातंय ते नावासकट बघायला युनिटीचं मेमरी प्रोफायलर पॅकेज आहे, डेव्हलपमेंट बिल्ड फोनवर चालवून त्याचा स्नॅपशॉट घ्यायचा, एडिटरमध्ये मोजलेलं धरू नका, एडिटर स्वतःचं बरंच धरून बसतो.

आता दुरुस्ती. दोन कामं होती आणि दोन्ही वेगळी आहेत, एकच केलं असतं तर पुरलं नसतं.

पहिलं काम कॉम्प्रेशन. एएसटीसी म्हणून फॉरमॅट आहे, जीपीयू ते थेट वाचतो, उलगडत बसत नाही. त्यात चित्राचे छोटे ब्लॉक करतात आणि प्रत्येक ब्लॉकला, तो कितीही पिक्सेलचा असो, १६ बाइट देतात. ब्लॉक मोठा घेतला की फाइल लहान आणि क्वालिटी कमी. सहा बाय सहाचा ब्लॉक घेतला की ३६ पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे आमचं ३२ एमबीचं चित्र साधारण साडेतीन एमबीवर येतं. चार बाय चार घेतला तर ८ एमबी. मी सगळ्याला सहा बाय सहा लावलं आणि ताईला फोन हातात दिला. आकाश बघितलं, ठीक म्हणाली. काठावरची झाडं बघितली, काही बोलली नाही. पाण्यावर आली आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे बघ, पाण्यात चौकोन दिसतायत. मी इथे एकच वॉश दिलाय वरपासून खालपर्यंत, त्यात कुठेही रेघ नाहीये."

आणि होते चौकोन. वॉटरकलरमधला तो हळूहळू उतरत जाणारा निळा, त्याच्यात ब्लॉकच्या कडा लगेच उठून दिसतात, झाडाच्या पानांत त्याच कडा लपतात कारण तिथे आधीच गडबड आहे. खरंतर याच पाण्यासाठी आम्ही कॉम्प्रेशन सुरुवातीपासून बंद ठेवलं होतं. मग ठरवलं की पाण्याच्या थराला चार बाय चार, बाकी दोघांना सहा बाय सहा. पाणी ८, आकाश साडेतीन, काठ साडेतीन, एक तलाव १५ एमबी. ९६ चे १५ झाले आणि ताईला पाण्यात रेघ दिसली नाही, तिच्या डोळ्यांना पसंत पडलं म्हणजे पडलं. हे ठरवताना कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर बघू नका, फोनवर बघा, आणि शक्यतो ज्याने चित्र काढलंय त्याला बघू द्या, त्याला माहीत असतं कुठे बघायचं ते.

एक मर्यादा सांगतो. ज्या फोनचा जीपीयू एएसटीसी ओळखत नाही, खूप जुने असतात तसे, तिथे युनिटी ते चित्र चालवताना उलगडतं आणि तुम्ही परत ३२ एमबीवर येता, वर लोडिंगला वेळ लागतो तो वेगळा. तसे फोन तुम्हाला सांभाळायचे असतील तर त्यांना वेगळा फॉरमॅट द्यावा लागेल किंवा डिव्हाइस कॅटलॉगमधून ते बाद करावे लागतील. आम्ही थोडे बाद केले. बंद पडणारा गेम देण्यापेक्षा न दिलेला बरा, असं मला वाटतं.

दुसरं काम म्हणजे सहा तलाव एकदम येऊच न देणं. यादीतले थेट रेफरन्स काढले. मेनूसाठी प्रत्येक तलावाचं २५६ बाय २५६ चं वेगळं छोटं चित्र केलं, सहाही मिळून दोनशे केबीच्या आत. मोठी चित्रं ॲड्रेसेबल्समध्ये टाकली, म्हणजे यादीत फक्त पत्ता राहतो, तलाव उघडला की लोड करायचं आणि बाहेर पडलं की रिलीज करायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे: मासुंदा संपवून उपवनला जाताना आधी उपवन लोड करून मग मासुंदा सोडला तर मधल्या क्षणी दोन्ही मेमरीत असतात. आम्ही स्क्रीन काळी करतो, जुना सोडतो, मग नवीन आणतो, अर्धा सेकंद जास्त जातो पण उंची एका तलावाचीच राहते. फोन मेमरीच्या सरासरीने मरत नाही, त्या एका उंच टोकाला मरतो, तेव्हा मोजताना पण टोकच मोजायचं.

एवढं केल्यावर मावशीचा फोन गेम घेऊन बसला. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, आणि ही पण त्याच किलरचीच बहीण आहे.

ती दुपारी खेळत होती, रायलादेवीच्या बऱ्याच पुढच्या लेव्हलला. मध्येच माझ्या आईचा फोन आला, दोघी बहिणी, अर्धा तास सहज. परत गेम उघडला तर सुरुवातीपासून. आता समोर असताना गेम मरत नव्हता, पण कॉलमुळे बॅकग्राउंडला गेला की मरत होता. हे नॉर्मल आहे, अँड्रॉइड असंच वागतं आणि त्याच्याशी भांडून उपयोग नाही. मुद्दा हा की सेव्ह कधी होतं. युनिटीचं प्लेअरप्रेफ्स, म्हणजे सेव्ह ठेवायची तयार सोय, आपणहून डिस्कवर लिहितं ते गेम व्यवस्थित बंद होताना, `OnApplicationQuit` च्या वेळेला. फोनवर गेम व्यवस्थित बंद करतं कोण? होम दाबतात आणि निघून जातात, नंतर सिस्टिम मारते, आणि तेव्हा ती क्विटची वेळ येतच नाही. मोबाइलवर भरवशाची वेळ एकच, पॉजची:

```csharp
void OnApplicationPause(bool paused)
{
    if (paused)
    {
        WriteProgress();
        PlayerPrefs.Save();
    }
}
```

आणि समोर असताना मेला तर पॉज पण येत नाही, म्हणून प्रत्येक लेव्हल संपली की तिथल्या तिथे पण सेव्ह करा. आम्ही अर्धवट लेव्हलमधल्या चाली पण लिहितो, पझल गेममध्ये माणूस एकेका लेव्हलवर बराच वेळ विचार करत बसतो, त्याची मेहनत आहे ती. स्वतःची फाइल लिहीत असाल तर आधी दुसऱ्या नावाने लिहा आणि पूर्ण झाली की नाव बदला, म्हणजे लिहिता लिहिता मारलं तरी जुनी फाइल शाबूत राहते.

टेस्ट करायला कोणाच्या आईच्या फोनची वाट बघायला नको. लेव्हलच्या मध्यात होम दाबा आणि मग:

```
adb shell am kill com.example.talav
```

ही कमांड बॅकग्राउंडमधलीच प्रोसेस मारते, अगदी सिस्टिम मारते तशी. परत उघडा आणि होडी तिथेच आहे का बघा. सेटिंग्जमधलं फोर्स स्टॉप वापरू नका, तो वेगळा प्रकार आहे.

प्रॉडक्शनला गेल्यावरचं पटकन सांगतो. पहिल्या रिलीजला स्टेज्ड रोलआउट, म्हणजे आधी थोड्या टक्के लोकांनाच देणं, मिळत नाही, तो अपडेटपासून मिळतो. पहिल्या वेळी हातात फक्त देश असतात, आम्ही फक्त भारत ठेवला. पहिल्या अपडेटला २० टक्के. काही चुकलं तर हॉल्ट करता येतं, पण ज्यांच्याकडे पोचलं त्यांच्याकडे ते राहतंच, मागे घेता येत नाही, वरच्या व्हर्जन कोडचं नवीन बिल्डच द्यावं लागतं. आणि कन्सोलच्या अँड्रॉइड व्हायटल्स या पानावर क्रॅशची लाल रेघ १.०९ टक्क्याला आहे, एएनआरची, म्हणजे ॲप गोठून प्रतिसादच न देण्याची, ०.४७ टक्क्याला, त्याच्या वर गेलात तर स्टोअरमध्ये गेम कमी दिसायला लागतो. पण मघाशी म्हटलं तसं मेमरीने मेलेला गेम त्या क्रॅशच्या टक्क्यात येत नाही. गेमसाठी तिथे लो मेमरीचा वेगळा आकडा असतो, तो बघाच, फक्त युजर थोडे असले की ते पान रिकामंच दिसतं.

म्हणून आम्ही स्वतःची एक खूण ठेवली. गेम समोर आला की फाइलमध्ये "समोर" लिहायचं, पॉज झाला की "मागे" लिहायचं. पुढच्या वेळी गेम सुरू होताना फाइल वाचायची. "मागे" असेल तर ठीक. "समोर" असेल तर मागच्या वेळी गेम खेळता खेळता मेला, मग क्रॅशने असो की मेमरीने. तेवढीच एक नोंद आणि फोनची रॅम आम्ही ॲनॅलिटिक्सला पाठवतो. अशा नोंदी त्याच वेळी आलेल्या क्रॅश रिपोर्टपेक्षा जास्त दिसल्या आणि त्यात दोन जीबीवाले फोनच भरले असतील तर समजायचं मेमरी परत चढलीये. हे पाठवत असाल तर डेटा सेफ्टीच्या फॉर्ममध्ये तसं भरा, विसरू नका. ही खूण पुढे कामाला आली: दिवाळीसाठी आम्ही तलावावर दिव्यांचा अजून एक थर टाकला आणि २० टक्क्यांवर असतानाच दोन जीबीच्या फोनवर "समोर" वाढायला लागलं. हॉल्ट केलं, बघितलं तर नवीन थराच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन बंद होतं, तलावामागे एकदम ३२ एमबी वर. क्रॅशचा आकडा त्या सगळ्या वेळात जागचा हलला नव्हता.

प्रश्न आलाय मागून, की चित्रच अर्धं केलं असतं तर? करता येतं. १०२४ बाय २०४८ केलं की सगळं एक चतुर्थांश होतं, आणि स्वस्त फोनची स्क्रीन ७२० पिक्सेल रुंद असते, तिथे फरक दिसणार पण नाही. टॅबलेटवर मात्र कागदाचा पोत जातो, ब्रशचे केस दिसतात ना ताईच्या चित्रात, ते पुसट होतात. तुमच्या गेममध्ये सपाट रंग असतील तर खुशाल अर्धं करा, आधी तेच करा. आमच्या चित्रात पोत हीच वस्तू आहे म्हणून आम्ही ते केलं नाही.

आणि तुम्ही विचारताय टेस्टसाठी जुना फोन घ्यायचा तर कुठला. मॉडेलच्या मागे लागू नका. सेकंडहँड घ्या, दोन जीबी, आणि घेतल्यावर वर सांगितलेली एबीआयची कमांड चालवून ३२ बिट आहे का बघा, तसा मिळाला तर उत्तमच. पण तो फॅक्टरी रीसेट करून कपाटात ठेवला तर त्याचा उपयोग अर्धाच होतो. मी तसा एक घेतला होता, त्या स्वच्छ फोनवर आमचं जुनं, सहा तलाववालं बिल्ड कधी कधी तरून जायचं आणि मावशीच्या फोनवर हमखास मरायचं, कारण तिच्याकडे व्हॉट्सॲप, दोन बँकांची ॲप, कीबोर्ड, भजनाचं ॲप, नातवाचं शाळेचं ॲप असं सगळं मागे चालू असतं. तेव्हा त्या फोनमध्ये सिम टाका, व्हॉट्सॲप चालू करा, दोन-चार ग्रुपमध्ये असू द्या, फोटो येऊ द्या, आणि आठवडाभर कोणालातरी घरात तो वापरू द्या. मग त्याच्यावर गेम लावा.